तीन घरं खाली

(०, ०)

कॉलेज रोडपालीच्या पुढे, ट्रकांच्या धुरात. इमारतीला चार मजले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबला दोन एसी, त्यातला एक फक्त मंजूर झालेला. २०१७ सालचा मे महिना. शेवटच्या सेमिस्टरची प्रॅक्टिकल परीक्षा.

हमझा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. ऐरोलीच्या एका कंपनीने त्याला नोकरीचं पत्र दिलं होतं आणि त्यात एक अट होती: एकही केटी, म्हणजे मागे राहिलेला विषय, नको. आज नापास झाला तर केटी, आणि केटी लागली तर पत्राची पुडी. कुवेतला त्याच्या अब्बांनी, झकेरियांनी, दोन महिन्यांपूर्वीच मिठाई वाटली होती. हमझाला याची अजिबात चिंता नव्हती. त्याला चिंता होती ती आजूबाजूच्या मूर्खांची.

(०, १)

मूर्ख क्रमांक एक: परेश. जासईचा. शेजारच्या पीसीवर.

"हमझा, तुला कंचा प्रोग्रॅम आला?"

"बीएफएस. भूलभुलैया."

"माजा पन तोच!" परेशचा चेहरा उजळला. "तो तर मॅन्युअलमदी हाय. मला पाठ हाय सगला, टकाटक."

"प्रोग्रॅम पाठ करतात का रे? कुराणातली आयत आहे का ती?"

"समजून काय करू? समजला आन इसरला तर? पाठ केल्याला नाय इसरत."

 हमझाने मान फक्त एवढी फिरवली की परेशला उत्तर मिळालं.

(०, २)

मूर्ख क्रमांक दोन: किशोरी मॅडम. हा विषय त्या शिकवत आणि लॅबचं मॅन्युअलही त्यांचंच. म्हणजे आधीच्या कुणाचं तरी होतं. वर नाव त्यांचं.

मॅडम फळ्यावर बीएफएस, म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत, बरोबर शिकवत. चौकटींची जाळी काढत. प्रत्येक मोकळी चौकट एक घर, शेजारशेजारच्या दोन मोकळ्या घरांमध्ये एक धागा. सुरुवातीचं घर रांगेत उभं करायचं, अंतर शून्य. रांगेच्या पुढून एक घर काढायचं. त्याची जी शेजारघरं अजून पाहिलेली नाहीत, त्यांच्यावर खूण करून ती रांगेच्या मागे लावायची, अंतर एकाने जास्त. म्हणजे आधी एका धाग्यावरची सगळी घरं, मग दोन धाग्यांवरची, मग तीन. ज्या क्षणी हवं ते घर रांगेतून बाहेर येतं, त्या क्षणी त्याचं अंतर सगळ्यात कमी असतं. त्याहून जवळचं काही असतं तर ते आधीच बाहेर आलं असतं.

"रेशनची रांग," मॅडम म्हणत. "आधी आला तो आधी."

आणि मॅन्युअलमध्ये, रांगेतून घर काढायच्या ओळीत, छापलं होतं:

q.pop()

पायथॉनच्या यादीवर नुसतं पॉप केलं की शेवटचा घटक निघतो. शेवटचा! पुढचा हवा तर कंसात शून्य लिहावं लागतं. ते शून्य कधीतरी, कुणाच्यातरी टायपिंगमध्ये गळालं. तेव्हापासून या कॉलेजच्या रेशनच्या रांगेत जो सगळ्यात शेवटी घुसेल त्याला साखर सगळ्यात आधी मिळत होती.

हे कुणालाच कळलं नव्हतं, कारण मॅन्युअलमधल्या भूलभुलैयात सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच रस्ता होता. बाकी सगळ्या गल्ल्या बंद. एकच रस्ता असेल तिथे कसंही शोधा, सापडतो तोच. मुलांच्या बॅचवर बॅच तोच भूलभुलैया चालवून, तेच उत्तर काढून, इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या होत्या.

हमझाला हे डिसेंबरमध्येच दिसलं होतं. त्याने मॅडमना सांगितलं नाही. असली गोष्ट कुणी केबिनमध्ये जाऊन सांगतं का? ती चारचौघांत सांगायची असते.

(०, ३)

आता हमझाचा प्रोग्रॅम. रांगेसाठी डेक नावाची दोन्ही टोकांनी उघडी यादी, पुढून काढायला पॉपलेफ्ट. सगळं चोख. घरी त्याने तो दहा जाळ्यांवर चालवून पाहिला होता.

पण परीक्षेत बसल्यावर त्याला एक गोष्ट खुपली. पाहिलेल्या घरांवर खुणा करण्यासाठी जी दुसरी जाळी लागते, ती तयार करायला मॅडम एक लूप लिहायला लावत. एकेक आडवी ओळ नवी बनवायची आणि जोडायची. घरी त्यानेही तसंच केलं होतं. मॅडमचा लूप. आपल्या प्रोग्रॅममध्ये! त्याने तो खोडला आणि एका ओळीत उरकलं:

visited = [[False] * 4] * 4

केवढी सुंदर ओळ. चालवून बघायच्या आतच एक्स्टर्नल आले.

(१, ३)

एक्स्टर्नल म्हणजे दुसऱ्या कॉलेजचे परीक्षक. रीत अशी की एक्स्टर्नलसाठी समोसे, ढोकळा आणि थंड काहीतरी यायचं; एक्स्टर्नलने ते खायचं, दोन मुलांना पायथॉन कुणी बनवलं ते विचारायचं आणि सह्या करून निघायचं. या माणसाने ढोकळा बाजूला सरकवला. शिपाई काशिराम घाबरला. इतक्या वर्षांत ढोकळा सरकवलेला त्याने पाहिला नव्हता.

"मॅन्युअलमधला भूलभुलैया राहू दे," एक्स्टर्नल म्हणाले. "चार बाय चारची जाळी घ्या. भिंती काढून टाका, सगळी मोकळी. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यात जा. कमीत कमी किती धागे?"

तीन. सरळ खाली. काशिरामही सांगेल.

(२, ३)

आधी परेश. परेशने एंटर मारलं.

९

"नऊ?" एक्स्टर्नल चष्मा वर करून वाकले. "अहो, तीन घरं खाली जायचंय."

"व्हय सर."

"मग नऊ कसे?"

"आलं तसं, सर."

रस्ता असा गेला होता: उजवीकडे तीन, खाली दोन, परत डावीकडे तीन आणि मग खाली एक. शेवटी घुसलेलं घर आधी काढायचं म्हटलं की तेवढी एकच गल्ली धरून माणूस पळत सुटतो. जासईहून शेजारच्या गावी जायला पनवेलचा वळसा.

"प्रोग्रॅम कुणाचा?"

"मॅन्युअलचा, सर. जसाच्या तसा."

किशोरी मॅडम लगबगीने उठल्या. "टाइप करताना काहीतरी खाल्लं असेल त्याने. या बॅचचं लक्षच नसतं, सर."

परेशने मॅडमकडे पाहिलं. मग कीबोर्डकडे. कीबोर्डवर खरंच काही सांडलंय का ते तो बघत होता.

(२, २)

हाच तो चारचौघांतला क्षण. हमझा उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती.

"सर, परेशने काही खाल्लं नाही. मॅन्युअलच चुकीचं आहे. कितीतरी वर्षं चुकीचं आहे. हा बीएफएस नाहीच."

आजूबाजूच्या स्क्रीनवरून माना वर आल्या.

"बरं," एक्स्टर्नल म्हणाले. "तुमचा दाखवा."

हमझाने मॅडमकडे बघत एंटर मारलं. स्क्रीनकडे बघायची त्याला गरज वाटली नाही. परेशला वाटली.

"हमझा," परेश हळूच म्हणाला, "रस्ता नाय बोलतंय."

(२, १)

रस्ता नाही. रिकाम्या जाळीत. जिथे एक भिंत नाही तिथे.

"यांना निदान नऊ तरी आले," एक्स्टर्नल म्हणाले, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

हमझाने दिशा तपासल्या. हद्दी तपासल्या. रांग तपासली. सगळं बरोबर. त्या सुंदर ओळीवरून त्याची नजर चार वेळा गेली आणि चारही वेळा ओळ त्याला सुंदरच दिसली. 

एक्स्टर्नलनी गुणपत्रक ओढलं. "उत्तर नाही म्हणजे पास करता येणार नाही. भाषण चांगलं होतं."

किशोरी मॅडमनी हमझाची स्क्रीन पाहिली, आणि पाहताक्षणी त्यांना चूक दिसली. यावर त्यांनी एक अख्खं लेक्चर घेतलं होतं. तेव्हा हमझा मागच्या बाकावर त्यांच्या आवाजाची नक्कल करत होता.

आता फक्त गप्प बसायचं होतं. हमझा नापास, आणि त्याचबरोबर त्याचं बोलणंही. मॅन्युअल शाबूत, नाव शाबूत, चूक परेशच्या बोटांची. यापेक्षा सोपी गोष्ट जगात नव्हती. एक्स्टर्नलचं पेन कागदाला टेकलं.

(२, ०)

"मूर्खा," किशोरी मॅडम म्हणाल्या.

एक्स्टर्नल थांबले.

"चार ओळी बनवल्यास असं वाटतंय तुला? एकच ओळ आहे ती. तीच चारदा दाखवतोयस. पहिल्या घरावर खूण केलीस की खालच्या तिन्ही घरांवर आपोआप झाली. मग खाली जाणार कसा? लूप काय मी हौस म्हणून लिहायला लावते?"

त्यांनी हे मदत म्हणून सांगितलं नाही. चुकीची ओळ समोर असताना गप्प बसणं त्यांना जमलं नाही, एवढंच. ती एक सवय होती, नखं खाण्यासारखी. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

हमझाने मॅडमचा लूप, घरचा, तसाच्या तसा परत लिहिला. एंटर.

३

एक्स्टर्नलनी परेशच्या स्क्रीनकडे वळून पाहिलं. नऊ अजून तिथेच होता. "आणि हा?"

हमझाने हात लांब करून परेशच्या पॉपच्या कंसात शून्य टाकलं. तीन.

"म्हणजे याने टायपिंगमध्ये काही खाल्लं नव्हतं," एक्स्टर्नल किशोरी मॅडमना म्हणाले. मॅडम खिडकीबाहेरचे ट्रक बघत होत्या. बघण्यासारखं काही नव्हतं.

दोघं पास झाले. काठावर. काशिरामने ढोकळा परत नेला आणि जिन्यातच संपवला.

(३, ०)

आठवड्याने विभागाच्या फलकावर सूचना लागली. पुनर्परीक्षेपासून बाह्य परीक्षकांनी केवळ मॅन्युअलमधील भूलभुलैयाच वापरावा. मॅन्युअलमध्ये शून्य घातलं तर आधीच्या सगळ्या बॅचना चुकीचं शिकवलं असं लेखी कबूल केल्यासारखं होतं. विभागप्रमुखांनी ते ताडलं होतं. म्हणून प्रोग्रॅम तसाच, आणि त्याला झेपेल एवढंच जग. खाली सही: किशोरी मॅडमची.

हमझा ऐरोलीला द्यायचे कागद घ्यायला आला होता. त्याने सूचना वाचली.

"बघ. सही केली. हीच लायकी."

"आन तुजी?" परेश म्हणाला. "तिनं नसतं सांगितलं त तू आज हितं केटीचा फॉर्म भरत असतास. थँक्यू बोल्लास का?"

"तिने मला मूर्ख म्हटलं."

"खोटं बोल्ली का?"

मॅडमची केबिन त्याच ओळीत होती, फलकापासून तीन दारं पुढे. दार उघडं होतं. पंख्याचा आवाज येत होता. त्याच्यापुढे जिना, आणि जिन्याखाली गेट.

"बोलेन कधीतरी," हमझा म्हणाला, आणि मागे वळला. मागच्या जिन्याच्या कचऱ्याजवळून, कॅन्टीनच्या बाजूने, पार्किंगला वळसा घालून तो गेटवर पोचला. परेश सरळ गेला होता. तो केव्हाचा तिथे उभा होता.