नाव गाळून वाचलेल्या चिठ्ठ्या

या, सरका जरा जवळ. पंखा तिकडं आहे म्हणून तिकडंच बसू नका, माझा आवाज काही कीर्तनकाराचा नाही की मागच्या सतरंजीपर्यंत पोहोचेल. मत्सराची एक गोष्ट सांगते. दुसऱ्या कोणाची सांगितली असती तर रंगवून सांगितली असती. माझीच आहे, म्हणून आहे तशी सांगते.

शेलूबाजारला हायवेला लागून आमचं कापडाचं दुकान. साड्या, ड्रेस, लग्नाचा बस्ता, आणि मागच्या खोलीत रामधन शिंपी ब्लाउज शिवतो, साडीला फॉल-पिको करतो. सासरे जगदेव मामाजी मालक. मी मंजुषा, थोरली सून, बारा वर्षं काउंटरवर. अन् तीन वर्षांपूर्वी धाकटी जाऊ आली, निता. ती साड्या दाखवते आणि शिवून झालेलं गिऱ्हाइकाच्या हातात देते.

निता वाईट असती तर बरं झालं असतं हो. पण ती गोड बोलते. म्हातारी बाई आली तर आधी पाणी देते. लोक मोबाइलवर दुकानाबद्दल लिहायला लागले तेव्हा त्यात तिचंच नाव. 'निता ताई खूप छान समजावून सांगतात.' 'निता मॅडम का स्वभाव बहोत अच्छा.' बारा वर्षांत माझं नाव कोणी लिहिलं नाही. एकानं लिहिलं होतं, 'काउंटरवरच्या बाई', बस. मी सप्ताहात पहिल्या ओळीत बसणारी बाई, टाळ्या वाजवत नाम घेणारी. अन् घरी येऊन मोबाइलवर 'निता' किती वेळा आलं ते मोजायची. देवाला काय सांगू?

तर यंदा दुकानाचे तारे उतरले. साडेचारावरून पावणेचारावर. समोर नवीन दुकान उघडलं होतं, त्याचे चढत होते. मामाजींनी माझ्या नवऱ्याला, हरीओमला, सांगून सगळं छापून आणलं. सहाशे अडतीस रिव्ह्यू. त्यातले अडीचशे नुसते तारे, शब्द एक नाही. बाकी तीनशे अठ्ठ्याऐंशींत काही ना काही लिहिलेलं.

मामाजी म्हणाले, "मंजुषा, तू बारावी झालेली हायेस. लोक कायले नाराज हायेत, ते मले दिवाळीच्या आत सांग. एक-दोन लोकाईचं बोलणं नोको. जे वारंवार हाय ते सांग. अन् ज्याच्यामुळं तक्रारी हायेत त्याले मी गिऱ्हाइकासमोरून काढतो. मंग तो घरचा असो का दारचा."

शेवटचं वाक्य ऐकलं अन् माझ्या मनात दिवा लागला. देवघरातला नव्हे.

वरच्या खोलीत दुपारी बसले. चार आणि पाच ताऱ्यांचे कागद बाजूला ठेवून दिले. खूश माणूस काय तक्रार करणार? एक ते तीन ताऱ्यांचे शहाण्णव निघाले. प्रत्येकाची एक चिठ्ठी केली. गठ्ठे कोणते पाडायचे ते चिठ्ठ्या वाचायच्या आधीच ठरलेलं होतं माझं. एक निताचा, एक रामधनचा, एक दुकानाचा, आणि लाजेकाजेस्तव एक माझा.

आपल्या घरातली रीतच आहे ना ही. दूध उतू गेलं की आधी विचारतात, गॅसजवळ कोण होतं?

'निता मॅडमने तीन बार वापस भेजा.' टाक निताच्या गठ्ठ्यात. 'त्या पाणी देणाऱ्या ताई म्हणाल्या अजून झालं नाही.' तीच ती. टाक. 'ब्लाउज वेळेवर मिळाला नाही.' हे रामधनचं. 'पार्किंगले जागा नाही.' दुकानाचं. संध्याकाळी निताच्या गठ्ठ्यात बावन्न. रामधनकडे एकोणीस, दुकानाकडे तेवीस, माझ्याकडे दोन. पाचवारी नेसून दर्शनाला निघाल्यासारखी मी कागद घेऊन खाली उतरले.

मामाजींनी चष्मा लावला. बावन्नवर बोट ठेवलं. निता समोरच साड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या लक्षात आलं असावं. हात थांबले, मान वर झाली नाही.

"दुसऱ्या कोणाकून लावून पाह्यलं का?" मामाजींनी विचारलं.

"नाही."

"कापूस विकत घ्याचो तवा त्याची प्रत आमी कधी एकट्याच्या डोळ्यानं नाही ठरवली. दोघं पाह्यतात. दोघाईचं जुळलं तर खरं. तुह्या आत्याबाईले घे संगं."

मला हसूच आलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई पंचफुला, शाळेची पायरी न चढलेल्या. वाचणार मीच, त्या फक्त हुं म्हणणार. काय बिघडणार होतं?

दुसऱ्या दुपारी आत्याबाई मांडी घालून बसल्या, जशा तूर निवडायला बसतात. मी चिठ्ठ्या पुन्हा एकत्र कालवल्या आणि पहिली वाचली, "निता मॅडमनं..."

"थांब व. नाव नोको सांगू."

"काहून आत्याबाई?"

"नाव आलं का माह्या डोयासमोर त्या माणसाचं तोंड येते. मंग मी ऐकतच नाही. काय झालं ते सांग. कोणाचं तोंड पाह्याचं ते मागून पाहू."

मी नाव गाळलं. अन् वाचलं. "तीन वेळा परत पाठवलं."

"कायच्यासाठी?"

कागद पुन्हा पाहिला. खाली बारीक लिहिलं होतं. "ब्लाउज. सोमवारी देतो म्हणाले होते."

"हे इथं ठेव." त्यांनी चिठ्ठीवर कात्री ठेवली, पंख्यानं उडू नये म्हणून.

"पाणी देणाऱ्या ताई म्हणाल्या, अजून झालं नाही."

"अन् तारीख होऊन गेल्ती?"

"हो. चार दिवस."

"कात्रीखाली."

"ब्लाउज वेळेवर मिळाला नाही."

"तेही कात्रीखाली. हे काय वायलं, दुसरं हाय का?"

पार्किंगची चिठ्ठी कुलपाखाली गेली. बदलून न दिलेल्या साड्यांची सुपारीच्या डबीखाली. रंग गेला, ती वाटीखाली. एका बाईनं दोन गोष्टी लिहिल्या होत्या, रंग गेला अन् फॉलही उशिरा मिळाला. मी एकच चिठ्ठी केली होती. आत्याबाई म्हणाल्या, "बाईले दोन काटे टोचले तं दोन काढा लागन ना? दोन चिठ्ठ्या कर." एका माणसानं तेच गाऱ्हाणं दोनदा टाकलं होतं. तिथं म्हणाल्या, "हा एकच काटा हाय, एकदाच धर." नवीन काही आलं की मागच्या एखाद्या ढिगात बसते का ते विचारायच्या, नाही बसलं तर नवीन ढीग. ढिगाला नाव सगळ्यात शेवटी.

"अन् तो गठ्ठा कायचा?" त्यांनी बाजूच्या कागदांकडे हात केला.

"ते चार-पाच ताऱ्यांचे. खूश लोक."

"खूश माणूस बोलत नाही का? माह्या भाजीले तुहे मामाजी दररोज चांगली म्हनतात, मंग मीठ मांगतात."

"मग चांगली कशाला म्हणतात?"

"तेच तं. चांगली म्हणायले काय लागते?"

आम्ही दोघी हसलो. मग ते कागद वाचायला घेतले. त्यातला सातवा की आठवा होता. चार तारे. आसेगावच्या रुपाबाईंचा, त्यांच्या मुलीनं लिहिलेला.

'माझी आई रुपाबाई दुकानात तीन वेळा जीपनं आली. माझ्या हळदीसाठी तिचा ब्लाउज शिवायला टाकला होता. आधी गुरुवार सांगितला, मग शनिवार, मग परवा या म्हणाले. चौथ्यांदा येणं जमलं नाही. आईनं मावशीचा ब्लाउज घालून हळद लावली. साडी खूप सुंदर आहे. ताईंनी आईला पाणी दिलं, चांगलं बोलल्या, म्हणून चार तारे.'

 आत्याबाईंनी ही चिठ्ठी स्वतःच्या हातानं कात्रीखाली सरकवली.

तीन दुपारी लागल्या. एकशे त्रेचाळीस जणांच्या एकशे एक्काहत्तर चिठ्ठ्या झाल्या. कात्रीखाली चौसष्ट. त्याच्या खालोखाल सुपारीच्या डबीखाली एकोणतीस. बोलणं उद्धट वाटलं म्हणणारे सगळे मिळून अकरा, आणि त्यात निता एकदाही नव्हती. मी ते अकरा कागद पुन्हा पाहिले, उगीच, कुठं सापडते का म्हणून. खोटं कशाला सांगू?

कात्रीखालचा ढीग माझ्याकडे पाहत होता. दिलेल्या दिवशी शिवलेलं मिळत नाही. माझ्या पहिल्या कागदावर हीच गोष्ट दोन ठिकाणी फाटली होती. ज्यांनी निताचं नाव लिहिलं ती निताकडे, ज्यांनी नाही लिहिलं ती रामधनकडे. आणि निताचं नाव का? कारण 'झालं नाही' हे सांगायला समोर तीच उभी असायची.

"मंजुषा," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "पावतीवर तारीख लिहिते कोण?"

त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

तारीख मी लिहिते. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ नये म्हणून 'परवा या' म्हणते. मागच्या खोलीत जाऊन रामधनला विचारत नाही, हातात किती काम आहे म्हणून. खाली जाऊन पावतीबुकं चाळली. एका सोमवारी एकोणीस ब्लाउज देणं लिहिलं होतं. रामधनची मशीन दिवसाला सहा काढते.

आता सांगा, माझ्या हातात दोन कागद. एकावर निता घरात बसणार. दुसऱ्यावर मी. सप्ताहात महाराज एकदा म्हणाले होते, शेजारणीच्या घागरीत किती पाणी ते बघत चालणारीची स्वतःची घागर हिंदकळते. तेव्हा मी सगळ्यात जोरात मान डोलावली होती, अन् डोळा होता निताच्या नव्या साडीवर.

पहिला कागद मी फाडला नाही. दोन्ही घेऊन खाली गेले. मामाजींसमोर ठेवले अन् मी म्हणाले, "हा माह्या मनातून लावला होता. हा आत्याबाईनं कानानं लावला. दुसरा खरा हाय. तारखा मी देतो."

मामाजींनी दोन्ही वाचले. रागावले असते तर सोपं होतं. रामधनला हाक मारली. "दिवसाचे किती होतात?"

"सहा मालक. फॉल असले तं पाच. कोणी इचारलंच नाही मले."

"मंजुषा, आजपासून तारीख रामधन देईन. अन् सकाळचा काउंटर नितानं पाहावा. काढतो म्हणून बोललो होतो, तं अर्धा दिवस तरी काढतो."

निता म्हणाली, "मामाजी, ताईंचा हिशोब मले नाही येणार."

"शिकशीन."

"मंग ताईंनीच शिकवावं."

गोड बोलली. तेवढ्यानं मी आणखी जळले. खरं सांगते, आजही सकाळी तिला माझ्या खुर्चीवर पाहिलं की मत्सर वर येतो. नाम घेते, कमी होतो, जात नाही. पण दुपारी मी काउंटरवर असते तेव्हा मागच्या खोलीत जाऊन विचारून येते, मगच तारीख सांगते. काही गिऱ्हाइकं 'आठ दिवस लागतील' ऐकून समोरच्या दुकानात जातात. जाऊ द्या.

आसेगावला मी गेले होते, रुपाबाईंना भेटायला. ब्लाउज शिवून नेला. त्यांनी चहा पाजला, ब्लाउज ट्रंकेत ठेवला, म्हणाल्या, "आता हळद कुठली माय, पण चांगला शिवला हो." एक शब्द वाकडा नाही. मुलीची हळद पुन्हा कुठून आणू मी?

एवढंच मागते. तुम्ही कधी कोणाला, कामाचं न विचारता, नुसतं हसून 'परवा या' म्हणायला जाल, तेव्हा माझं नाही आठवलं तरी चालेल. रुपाबाईंची आठवण ठेवा.