शेपटी धरायची की सोडायची

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. सोन्याच्या दलालांच्या एका कचेरीत ते भावांचे चार्ट वाचायचे आणि नव्याने लागलेल्यांना एलियट वेव्हची, म्हणजे भावांच्या लाटांची, मोजणी शिकवायचे, त्यातून ते नाव चिकटलं. माणूस सज्जन, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त साडूचा विषय निघाला की सगळा सज्जनपणा कुठल्या कुठे पळून जायचा.

आणि गंमत बघा, हा साडू त्यांनीच घरात आणला होता! एकेकाळी तो त्यांच्याच हाताखाली शिकायला होता. पोरगा हुशार, म्हणून कौतुकाने घरी जेवायला बोलावला, तिथे मेहुणीची ओळख झाली, आणि वर्षभरात ‘सर’चं ‘दादा’ झालं. मग त्याने दुसऱ्या कंपनीत नोकरी धरली आणि टीव्हीवर भावांचे अंदाज सांगायला लागला. सासरे आपल्या सराफी पेढीवर बसल्या बसल्या गिऱ्हाइकांना पडद्याकडे बोट करून सांगायचे, “आमचे धाकटे जावई.” थोरले जावई बाजूलाच चहा पीत बसलेले असले तरी.

त्या दिवशी मास्तर कचेरीत सोन्याचा चार्ट उघडून बसले होते. कामाची घाई होती, कारण सासऱ्यांनी दोन्ही जावयांना दुपारी पेढीवर बोलावलं होतं. एका मोठ्या गिऱ्हाइकाची दागिन्यांची ऑर्डर त्यांनी आधीच ठरवलेल्या भावाने घेतली होती. सोनं अजून घ्यायचं होतं. आता घ्यावं, की भाव उतरेपर्यंत थांबावं? चुकलं तर वर्षभराची मजुरी पाण्यात, आणि कारागिरांना काय सांगणार?

चार्ट तसा सरळ होता. तळापासून पहिला चढ, मग चिमुकली घसरण, मग लांब चढ, मग मोठी घसरण, मग त्याहून लांब चढ थेट शिखरापर्यंत. तिथून भाव जरा उतरला होता. एलियटचं म्हणणं असं, की भाव ज्या दिशेने चालला असेल तिकडे पाच लाटांत जातो आणि मग उलट दिशेने तीन लाटांत येतो. म्हणजे सगळं यावर अडलेलं, की शिखर ही पाचवी लाट की तिसरी?

मास्तरांनी चिमुकली घसरण मोजलीच नाही. ती पहिल्या लाटेच्या पोटातली बारकी हालचाल, म्हणून सोडून दिली. मोठी घसरण दुसरी, शिखर तिसरी, आताची उतरण चौथी. म्हणजे पाचवी बाकी, भाव अजून वर जाणार. आकडे नीट बसले. सोनं आताच घ्या, हेच सासऱ्यांना सांगायचं, असं ठरवून त्यांनी चहा मागवला.

तेवढ्यात समोरच्या टीव्हीवर साडू आला. कोट, केस, हसू, सगळं जागच्या जागी. “शिखर ही माझ्या मते तिसरी लाट,” तो म्हणाला, “पाचवी अजून बाकी आहे.” अगदी तीच मोजणी! शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, “काय सुरेख समजावतो हो हा!”

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. आता दुपारी पेढीवर जाऊन काय म्हणायचं? ‘धाकटे म्हणतात तेच’? सासरे मान डोलावणार आणि म्हणणार, हो, ते सकाळी ऐकलं टीव्हीवर. जन्मभर ह्याचीच री ओढत बसायचं का?

त्यांनी पडद्यावरचे सगळे आकडे पुसले. पुन्हा तळाशी गेले. या वेळी चिमुकली घसरण दिसली, आणि चांगली मोठी दिसली. तिला का सोडायचं? तीच दुसरी! मग लांब चढ तिसरी, मोठी घसरण चौथी, आणि शिखर पाचवी. खेळ संपला. आता तीन लाटांची पडझड. सोनं घेऊ नका, थांबा.

एकच काटा होता. नियम सांगतो, चौथ्या लाटेने पहिलीच्या हद्दीत शिरायचं नाही. आणि मोठ्या घसरणीतल्या एका दिवसाच्या कँडलची शेपटी, म्हणजे त्या दिवशी भाव क्षणभर जिथवर खाली गेला तो बारीक दांडा, पहिल्या चढाच्या माथ्याखाली केसभर उतरला होता. या मोजणीचे तिथेच तीन तेरा वाजत होते. मास्तर स्वतः शिकाऊ पोरांना ओरडून सांगायचे, “शेपटी मोजायची! भाव तिथे गेला होता, ते काय तुमच्या सोयीसाठी पुसलं जातं का?”

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कँडल घालवून लाइन चार्ट लावला. त्यात फक्त दिवसअखेरचे भाव. शेपटी गायब. हद्द शाबूत. क्लोजिंगवर मोजणारेही पुष्कळ जण असतात, त्यांनी मनाला समजावलं, आणि मनही लगेच ऐकतं अशा वेळी, मेलं.

पेढीच्या मागच्या खोलीत वजनकाटा, तिजोरी आणि तीन खुर्च्या. साडू आधीच येऊन बसला होता. मास्तरांना पाहून तो उठला, खुर्ची दिली. तेही त्यांना खुपलं.

दोघांचं ऐकून आणि मास्तरांच्या लॅपटॉपवरचा चार्ट पाहून सासरे चक्रावले. “अहो, एक म्हणतो घ्या, दुसरा म्हणतो थांबा. चार्ट एकच ना?”

“एकच,” मास्तर म्हणाले.

“आणि पद्धत?”

“तीसुद्धा एकच, बाबा,” साडू म्हणाला. “दुसरी लाट पहिलीच्या तळाखाली जायची नाही, तिसरी सगळ्यात आखूड नको, चौथी पहिलीत शिरायची नाही. हे पक्के नियम. पण कुठली घसरण लाट म्हणायची आणि कुठली सोडायची, ते ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. दादांनी ही बारकी घसरण धरली, मी सोडली.”

“म्हणजे अंदाजपंचे!”

“अगदी तसं नाही. आपण चुकलो हे कुठे कळणार, ते आधी सांगता येतं. भाव या लांब चढाच्या माथ्याखाली, म्हणजे माझी पहिली लाट जिथे संपते त्याखाली गेला, तर चौथी पहिलीत शिरली. मग माझी मोजणी बाद.”

सासरे मास्तरांकडे वळले. “आणि तुमची कुठे बाद?”

मास्तर जरा अडखळले. “भाव शिखराच्या वर गेला तरी लगेच बाद म्हणता येणार नाही. पडझडीतली मधली लाट कधी कधी जुन्या शिखराच्या वर जाऊन येते.”

हे खरं होतं, पुस्तकात आहे तसं. पण ऐकायला कसं वाटलं ते मास्तरांनाच कळलं, आणि कान तापले. साडू त्यांच्या लॅपटॉपकडे पाहत होता. तिथे लाइन चार्ट होता. त्याने एकदा चार्टकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि काही बोलला नाही. बोलला असता तर परवडलं असतं!

सासऱ्यांनी बराच वेळ वजनकाट्याशी चाळा केला. मग म्हणाले, “धाकटे तुमच्याच हाताखाली शिकले. मी थोरल्यांचं ऐकतो. थांबू या.”

वर्षानुवर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते कानावर आलं, आणि तेही शेपटी लपवलेल्या मोजणीवर. आता बोलायला हवं होतं. ‘बाबा, माझीही मोजणी सकाळी हीच होती,’ एवढंच. पण साडू म्हणाला, “बरोबर आहे, दादांचा अनुभव मोठा,” आणि त्या मोठेपणाने मास्तरांचं तोंड पुन्हा बंद झालं. ते घरी गेले, आणि त्यानंतर सोन्याचा भाव जरासा वर सरकला तरी ते ताटावरून अर्धवट उठायला लागले. बायको म्हणाली, “अहो, दुखतंय का काही?” काय सांगणार, कुठे दुखतंय ते!

आणि मग सोनं पडलं.

नुसतं पडलं नाही, धाडकन पडलं. लांब चढाच्या माथ्याखाली गेलं, साडूने सांगितलेली रेघ ओलांडून. सासऱ्यांनी खालच्या भावाला सोनं घेतलं, ऑर्डर निघाली, कारागिरांना जादा मजुरी मिळाली. कचेरीत ही बातमी कळली, तेव्हा मास्तरांसाठी टाळ्या वाजल्या. मास्तरांनी सगळ्यात आधी काय केलं असेल? टीव्ही लावला. साडूचं तोंड कसं झालंय ते पाहायचं होतं.

साडू कोटातच होता. “माझी मोजणी बाद झाली,” तो शांतपणे म्हणाला. त्याला पळवाट नव्हती असं नाही. हा आख्खा चढच मोठ्या मापाची पहिली लाट, आणि ही पडझड तिची दुसरी, असं म्हणून तो हसत हसत निसटला असता. मास्तरांना ती मोजणी बसल्या जागी दिसत होती. पण तो म्हणाला, “माझ्या थोरल्या साडूंनी हे आधीच सांगितलं होतं. मला लाटा मोजायला त्यांनीच शिकवलं.”

“काय मोठ्या मनाचा माणूस आहे हो!” शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली.

घ्या! जिंकले मास्तर, आणि कौतुक कुणाचं? त्याचंच. मास्तरांनी टीव्ही बंद केला.

संध्याकाळी पेढीवर सासऱ्यांनी पेढे मागवले. एका गिऱ्हाइकाला मास्तरांकडे बोट करून म्हणाले, “आमचे थोरले जावई. आता सोनं घेईन तर यांनाच विचारून.” मास्तरांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. आणि ते मागच्या खोलीकडे वळले.

साडू मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता. मास्तर आत आले आणि पाहतात तर पडद्यावर लाइन चार्ट.

“दादा, बरं झालं आलात,” तो म्हणाला. “त्या दिवशी तुमच्या चार्टवर शेपटी दिसली नाही, तेव्हा मला वाटलं, दादा चुकले. सगळ्यांसमोर कसं बोलायचं म्हणून गप्प बसलो. आता कळलं, चूक माझीच. यापुढे मीही शेपटी सोडणार, क्लोजिंगच धरणार. उद्या टीव्हीवरही तेच सांगतो.”

मास्तर दारातच उभे राहिले. उद्या हा टीव्हीवर सांगणार, आणि जिथे जिथे लोक याचं ऐकतात तिथे तिथे आपापल्या सोयीने शेपट्या गायब होणार. आणि सासरे पुढचं सोनं मास्तरांच्या शब्दावर घेणार.

“शेपटी मोजायची,” ते म्हणाले. “नेहमी मोजायची.”

“पण मग तुम्ही का नाही मोजलीत?”

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसले. बाहेर सासरे कुणाला तरी अजून थोरल्या जावयांचंच सांगत होते.

“कारण ती मोजली असती,” मास्तर म्हणाले, “तर माझं उत्तर तुझ्यासारखंच आलं असतं. सकाळी आलंच होतं. मग तू टीव्हीवर आलास.”

साडूने हळूच लाइन चार्ट घालवला, कँडल लावल्या, आणि लॅपटॉप मास्तरांच्या पुढ्यात सरकवला.

“बाबांना मी सांगू,” त्याने विचारलं, “की तुम्ही सांगता?”