सुभद्रेच्या मुरंब्याचं झाकण

तार दुपारी आली. माझी बायको सुभद्रा अकोल्याला माहेरी गेली होती. तिथे न्यूमोनिया होऊन ती वारली. बडनेऱ्याहून गाडी धरून मी पोहोचलो, तेव्हा लोक फक्त माझ्यासाठी थांबले होते.

तेरवी अमरावतीला आमच्या घरी केली. सासू पार्बताबाई माझ्याबरोबरच आली होती. तेरा दिवस ती जेमतेम पेजेवर होती. तेरवीनंतर घरच्यांनी तोंड गोड करायचं असतं, पण तिने लाडू बाजूला सारला.

"जावईबापू, गोड खाईन तं माह्या पोरीच्या हातचंच. नाई तं राहू द्या."

फळीवर संत्र्याच्या मुरंब्याची एकच काचेची बरणी उरली होती. पत्र्याचं फिरकीचं झाकण, आत रबराची चकती. अकोल्याला जाण्याआधी सुभद्रेने हीच बरणी माझ्यापुढे धरली होती. मला उघडता आली नाही.

"कावून इतकं आवळलं?" मी चिडलो होतो.

"म्या दोन बोटांनंच लावलं होतं."

मी तिला खोटारडी म्हणालो होतो.

आता धाकट्या भावाने, देवीदासने, जोर लावून पाहिला. "वयनीनं शिमिट लावलं का काय याले?" असं म्हणून तो बत्ता घेऊन आला. शेजारचे चिंतामण मास्तर भेटायला आले होते. ते हायस्कुलात विज्ञान शिकवतात.

"ठेव तो बत्ता. म्हातारीला काच खाऊ घालतोस?" त्यांनी झाकणावर बोट फिरवलं. "मधे खाली बसलंय. फुगलं असतं तर फेकाच म्हणालो असतो. सुभद्राबाईंनी उकळता मुरंबा भरून लगेच झाकण लावलं असणार. वाफेने वरची हवा बाहेर घालवली. निवल्यावर वाफेचं पाणी झालं, आत पोकळी राहिली. आता बाहेरची हवा झाकण दाबून बसली आहे."

"दोन बोटांनी लावलं तरी?" मी विचारलं.

"दोन बोटांनीच लावायचं असतं."

मी देवीदासच्या हातातला बत्ता घेऊन बाजूला ठेवला.

मास्तरांनी कोमट पाणी मागितलं. उकळतं नको, गार काच तडकते. बरणी आडवी धरून फक्त झाकणावर पाणी सोडलं. पत्रा काचेपेक्षा जास्त फुगतो, पकड सैल होते. मग बरणी कोरडी पुसून फडक्यात धरली आणि चमच्याचं बोथट टोक झाकणाच्या काठाखाली घालून ते मला म्हणाले, "हळू उचला. हवा आत जाऊ द्या."

बारीक फुस्स आवाज आला. मधला पत्रा टक्कन वर आला. त्यानंतर झाकण नुसत्या हाताने फिरलं.

पार्बताबाईने एक फोड तोंडात घातली. ती बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "साखर कमीच टाके माही पोर." आणि भाकरी मागितली.

जाताना मास्तर म्हणाले, "हवा लागली आता. फार दिवस ठेवू नका."

त्याला आज आठ दिवस झाले. सासू परत अकोल्याला गेली. बरणीत अर्धा मुरंबा आहे. मी तो अजून चाखलेला नाही.