दिपमालाची पाळी

पारोळ्याजवळच्या शाळेत सुलक्षणाबाई दुसरीच्या मुलांना माऊस शिकवत होत्या. एका कॉम्प्युटरवर दोघं. एकाने पाच फुगे फोडले की माऊस जोडीदाराला द्यायचा. भूमिका मात्र एकटीच होती. तिची जोडीदार दिपमाला दिवाळीच्या सुट्टीत तापाने गेली होती.

फुगे फोडून झाल्यावर भूमिकाने माऊस शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला आणि हात मांडीवर घेतले.

"थांबलीस का गं?"

"आते तिनी पाळी शे, बाई."

माऊस आपोआप सरकला. स्क्रीनवरचा बाण फुग्यावर जाऊन टेकला. टिक, टिक आवाज आला, पण फुगा फुटेना. नुसता मेनू उघडत राहिला.

बाई रिकाम्या खुर्चीजवळ वाकल्या. खुर्चीला म्हणाल्या, "उजवं नको, बाळा. डावं बटण दाब."

फुगा फुटला.