शेवटून कापलेलं पत्रक

ऑफिसात मला सगळे 'कात्री' म्हणतात. प्रसिद्धीपत्रक माझ्या हातात पडलं की 'भव्य', 'अत्याधुनिक', 'दूरदर्शी' ही मंडळी आधी बाहेर जातात, मग खाली उरते ती बातमी. बऱ्याचदा काहीच उरत नाही. चोवीस वर्षं हेच केलं आणि त्याचा मला तोरा होता, हे आधीच सांगून टाकतो.

सोमवारी पाणीपुरवठा विभागाचं दोन पानी पत्रक आलं. मथळा होता 'जलसमृद्धीच्या दिशेने ऐतिहासिक पाऊल'. संध्याकाळी पानावर एक जाहिरात वाढली आणि मला बोटभर जागा उरली. मी पहिल्या परिच्छेदातली विशेषणं झाडली, अधिकाऱ्यांची स्तुती उडवली. उरलं ते एवढंच: नवं शुद्धीकरण केंद्र पुढच्या महिन्यात सुरू होणार. तेवढं लावलं आणि बाकीचं शेवटून कापलं. पत्रकाच्या शेवटी विभागाचा इतिहास असतो, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. कापलंही डोळे मिटूनच.

बुधवारी दुपारी ताईचा फोन आला. माझी भाची आणि तिचं अडीच महिन्यांचं बाळ तिच्याकडेच राहतात, नदीपलीकडच्या वस्तीत.

"अरे, बाळाला दवाखान्यात आणलंय. ओठ निळे पडलेत. डॉक्टर विचारतात, दुधाची पावडर कुठल्या पाण्यात कालवता? आता बोअरच्याच ना, दुसरं आहे काय आमच्याकडे? पण उकळून घेतो. तुमच्या पेपरात आलं होतं का रे काही पाण्याचं?"

"नाही," मी म्हणालो.

फोन ठेवला. ट्रेमधून पत्रक काढलं. या वेळी सगळं वाचलं. दुसऱ्या पानावर, इतिहासाच्या जरा वर, हे होतं: 'नागरिकांच्या सर्वोच्च आरोग्यहितासाठी सदैव कटिबद्ध असलेल्या विभागाने, नदीपलीकडील वस्तीतील बोअरच्या पाण्यात नायट्रेटचे किंचित वाढीव प्रमाण आढळल्याने, अतिदक्षतेचा भाग म्हणून सहा महिन्यांखालील बालकांसाठी तूर्त पर्यायी पाणी वापरण्याचे विनम्र आवाहन केले आहे.'

विभागाच्या प्रयोगशाळेला फोन लावला. 'किंचित' म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. आणि उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट वाढतं. हे पत्रकात कुठेच नव्हतं.

मी बातमी लिहायला घेतली. 'नदीपलीकडच्या वस्तीतले बोअरचे पाणी सहा महिन्यांखालच्या बाळांना देऊ नका. उकळूनही देऊ नका.' दुसऱ्या ओळीपाशी होतो तेव्हा ताईचा पुन्हा फोन आला. "गेलं रे," एवढंच म्हणाली. मी डॉक्टरांशी बोललो, त्यांनी दिलेलं कारण, नायट्रेटमुळे बाळाच्या रक्तातून प्राणवायू पोचेना हे, तिसऱ्या ओळीत घातलं. मला माझीच किळस येत होती.

संपादकसाहेबांनी मजकूर वाचला आणि वर स्वतःच्या हाताने चौकट जोडली: 'वाचकांच्या आरोग्यासाठी सदैव जागरूक असलेल्या आपल्या लोकप्रिय दैनिकाने ही धक्कादायक बाब सर्वप्रथम उजेडात आणली आहे.'

मी त्यांच्यासमोरच पेन काढलं. 'सदैव जागरूक' खोडलं. 'लोकप्रिय' खोडलं, 'धक्कादायक' खोडलं. 'सर्वप्रथम' तर सरळ खोटं होतं. खरी बातमी होती ती लिहून कागद पुढे सरकवला: 'ही सूचना सोमवारी या दैनिकाकडे आली होती. ती छापली गेली नाही.'

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" साहेब भडकले. "आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं?"

"उद्या विभाग सांगेलच साहेब, आम्ही सोमवारीच कळवलं होतं म्हणून. मेलवर वेळ आहे."

"कोणी कापलं?"

"मी. माझ्या भाचीचं बाळ होतं ते."

साहेबांनी कागद पुन्हा जवळ ओढून वाचला. मग मान खाली घालूनच म्हणाले, "लावा. नाव नको कुणाचं."

सूचना पहिल्या पानावर सगळ्यात वर गेली. आमची चूक चौथ्या ओळीत.

गुरुवारी सकाळी ताईकडे गेलो. वस्तीच्या तोंडाशी टँकर उभा होता, बायका रांगेत होत्या. ताई दारातच पेपर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले.

"शेजारच्या जुळ्यांच्या आईने पहाटेच वाचलं. तिने पाणी बदललं," ती म्हणाली. मग चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "सोमवारी पानावर कोण होतं रे?"

येताना वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं. जाहिरात, अपुरी जागा, विभागाची ती लांबलचक भाषा.

"मी," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडेल, हात उगारेल. तिने पेपरची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"ती आत आहे. तूच सांग तिला," ती म्हणाली. "आणि गोड लावून सांगू नकोस."