चार पानांची चिठ्ठी

वहिनी स्वतःच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली आणि आईला सांभाळायला कामावर ठेवलेल्या मावशींच्या हातात चार पानी सूचना ठेवून गेली.

"हे पुराण वाचेपर्यंत गोळीची वेळ टळेल!" म्हणत नणंदेने फ्रिजवर लावायला छोटी चिठ्ठी लिहायला घेतली. मधुमेहाची गोळी सकाळ-रात्र, जेवणानंतर; जेवली नाही तर न देता डॉक्टरांना विचारायचं. जेवण मऊ, उठवून बसवून, घास लहान. तातडीच्या फोनच्या यादीत तिने ऐटीत पहिला आपलाच नंबर टाकला. पोटची लेक होती ती!

काही राहिलं तर नाही ना, हे बघायला तिने चौथं पान उलटलं. रुग्णवाहिका, डॉक्टर, शेजारचे काका. सगळ्यात खाली वहिनीचं टपोरं अक्षर: 'ताईंना सगळं निस्तरल्यावर कळवावं. आई पडल्या तेव्हा सात वेळा फोन लावला, उचलला नाही. त्यांना कामं असतात.'

त्यात रागाचा लवलेश नव्हता, तेच तिला जास्त झोंबलं.

"झाली का चिठ्ठी, ताई?" मावशींनी विचारलं.

"चुकली. परत लिहिते."

नव्या चिठ्ठीत तिचा नंबर सगळ्यात खाली गेला. 'उचलला नाही तर थांबू नये,' एवढं तिने पुढे लिहिलं. कामांचं मात्र गाळलं.