पाणी की पीळ

बाथरूममध्ये बादलीची कडी खणकन् आपटली.

घरात इतकी शांतता होती की त्या आवाजाने छोट्याच्या पापण्या थरथरल्या. त्याला झोपवायला मला तासभर लागला होता आणि मी पलंगावरून एकेक पाय चोरासारखा खाली घेत होते. सासूबाई बाल्कनीत भाजी निवडत होत्या. म्हणजे बाथरूममध्ये दादा. छोट्याचा दादा, म्हणून सगळ्या घराचाच दादा, वय वर्षं अकरा. सकाळी ‘पोटात दुखतंय’ म्हणून तो शाळेला न जाता पांघरुणात शिरला होता. त्या दिवशी गणिताची चाचणी होती. आमच्याकडची पोटदुखी शाळेचं वेळापत्रक बघूनच येते, त्यामुळे मी एकदा त्याच्या कपाळाला हात लावून ‘बरं, झोप’ म्हटलं होतं आणि दुपट्यांच्या ढिगाकडे वळले होते.

दार ढकललं. दादा बादलीवर ओणवा झालेला. ओकून झालं होतं, तोंडाला लाळ लोंबत होती, आणि रंग असा की पांढऱ्या भिंतीला टेकला तर दिसणार नाही.

“काय रे, राजा?”

“काही नाही. तू जा.”

“पोट?”

 तो एक पाय जमिनीवर टेकवायचा की नाही असा विचार करत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “पोट नाही. खाली. पण आजीला सांगू नको. टॉर्च आणेल ती.”

ही टॉर्चची भानगड सांगायला हवी. छोटा जन्मला तोच खाली, अंडाच्या एका बाजूला, लिंबाएवढी फुगलेली पिशवी घेऊन. मी तर रडूनच मोकळी झाले होते. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र खोलीतला दिवा मालवला, त्या पिशवीला छोटी टॉर्च लावली, आणि सगळी पिशवी कंदिलासारखी लालगुलाबी उजळली. “पाणी आहे नुसतं,” त्या म्हणाल्या. “दुखत नाही, खुपत नाही. बहुतेक मुलांचं वर्षा-दीड वर्षात आपोआप जिरतं. नाही जिरलं तर बघू.” आणि खरंच, छोट्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तो दूध प्यायचा, लाथा झाडायचा, आणि संध्याकाळी पिशवी जरा फुगली तरी खदखदून हसायचा.

आमच्या सासूबाईंना त्या टॉर्चचं वेडच लागलं. शेजारीण आली, लाव टॉर्च. माझी बहीण आली, लाव टॉर्च. “बघ, बघ, कसा दिवा लागतो आमच्या राजाला!” घरभर हसू. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू? तो दिवा बघून माझी भीती दर वेळी थोडी कमी व्हायची. दादा मात्र त्या वेळी खोलीतून निघून जायचा. मला वाटायचं, बाळाचा हेवा करतोय.

“दाखव,” मी म्हटलं.

“नाही.”

“अरे, मी तुला जन्म दिलाय.”

“तेव्हा मी छोटा होतो.”

 मी बादली धुतली, त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि पाठ करून उभी राहिले. “तूच बघ आणि तूच सांग. मी डोळे मिटलेत.”

“लाल झालंय. डावीकडचं. मोठं झालंय. आणि वर चढलंय, आई. दुसरं खाली आहे, हे वर आहे.”

मी डोळे उघडले आणि वळले. या वेळी त्याने मला अडवलं नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. बोटाचं टोक लावलं न लावलं तोच त्याने अशी किंकाळी फोडली की आत छोटाही सुरू झाला.

व्हायचं तेच झालं. भाजीची सुरी हातात घेऊनच सासूबाई दारात. “काय झालं? कोण मेलं?”

“आजी, सुरी!” दादा दोन्ही हात मांडीवर धरून ओरडला. त्या अवस्थेतसुद्धा मला हसू फुटलं.

सुरी खाली ठेवली गेली आणि अर्थातच टॉर्च आली. दादाने मान भिंतीकडे वळवली. मी नको म्हणेपर्यंत सासूबाईंनी दिवा मालवून प्रकाश टाकलाही होता. खालच्या कडेला थोडंसं लालसर उजळलं. वरचा भाग काळा ठिक्कर.

“हे काय, दिसतंय की पाणी,” सासूबाई म्हणाल्या. “धाकट्याचं बघून थोरल्यालाही झालं. गरम कापडाने शेक दे. रात्रीपर्यंत उतरेल. उगाच डॉक्टरकडे पळू नकोस ऊठसूट.”

आणि एक क्षण मला पटलं. पटावं असंच वाटत होतं. पाणी म्हणजे आमचं ओळखीचं, घरातलं, हसून झालेलं. मी खरोखर गॅसवर पाणी ठेवलं. छोट्याला कडेवर घेतलं. तो हुंदके आवरून माझ्या बांगडीशी खेळायला लागला, पाय झाडत, त्याची पिशवी माझ्या मनगटावर दाबली जात होती आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं. बाथरूममध्ये दादा पुन्हा ओकत होता.

मी गॅस बंद केला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“पाणी भरलंय,” मी सुरुवात केली, “थोरल्याला, पण थोडं दुखतंय...”

“पाणी आहे हे कुणी ठरवलं?”

“टॉर्च लावली. थोडं उजळलं.”

“तुमच्या घरातली ती टॉर्च फेकून द्या,” बाई म्हणाल्या. “दुखणं हळूहळू सुरू झालं की एकदम?”

मी दादाला विचारलं. “एकदम,” तो म्हणाला. “सकाळी सॉक्स घालताना.”

“उलटी?”

“दोनदा.”

“वर सरकलंय?”

“हो. त्यानेच सांगितलं.”

“ऐका. अंड एका दोरीला लटकतं, त्याच दोरीतून रक्त येतं. दोरीला पीळ बसला की रक्त बंद. आत सूज येते, थोडं पाणीही साठतं, म्हणून कडेला उजळलं. टॉर्चला पाणी दिसतं, पीळ दिसत नाही. सहा तासांच्या आत सोडवलं तर बहुधा वाचतं. माझ्याकडे येऊ नका, मी काही करू शकणार नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. मी सर्जनना फोन करते. आणि त्याला काही खायला-प्यायला देऊ नका, घोटभर पाणीसुद्धा नाही. भूल द्यावी लागेल.”

सॉक्स सात वाजता घातले होते. आता अकरा वाजत आले होते.

सासूबाई छोट्याला माझ्या कडेवरून ओढून घेत म्हणाल्या, “दूध गरम करून पाजते मी याला. तू पळ. अगं, बघत काय बसलीस, पायात चप्पल तरी घाल!” काही वेळापूर्वी ऊठसूट न पळायला सांगणाऱ्या याच बाई. जिन्यातून मागे वळले तर त्या वरून ओरडत होत्या, “दादाला उचलून ने गं, चालवू नको!” अकरा वर्षांचा मुलगा उचलायचा म्हणजे सिलिंडर उचलल्यासारखं. तरी नेला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. फोन लागत नव्हता, म्हणजे कुठल्यातरी इमारतीच्या खड्ड्यात उतरला असणार. मी निरोप टाकला, ‘दादाला हॉस्पिटलात नेतेय, ऑपरेशन, ये,’ आणि टॅक्सीवाल्याला सांगितलं, “खड्डे चुकवा, पण वेग कमी करू नका.”

“दोन्ही कसं जमणार, बाई?”

“जमवा.”

प्रत्येक गचक्याला दादा माझ्या दंडात नखं रुतवत होता. दंडावर अजून चंद्रकोरी आहेत.

इमर्जन्सीत एका नर्सबाईने त्याला गुडघे पोटाशी घेतलेलं पाहिलं आणि सरळ आत घेतलं. सर्जन तरुण होते, डोक्यावर हिरवी टोपी, पायात दोन वेगळ्या रंगांच्या स्लिपर. त्यांनी आधी पडदा ओढला, मग दादाला विचारलं, “मी बघू का? आई इथे थांबू दे की बाहेर?”

दादाने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या डॉक्टरकडे आदराने पाहिलं. “बाहेर,” तो म्हणाला.

पडद्यामागून आवाज येत होते. “मांडीला आतून बोट लावतो हं. गुदगुल्या होतील. उजवीकडचं अंड बघ, कशी वर उडी मारली त्याने! आता डावीकडे... नाही ना मारली? चिडलंय ते. बस, झालं.” मग ते बाहेर आले आणि चेहऱ्यावरचं हसू आतच ठेवून आले. “पीळ आहे. सोनोग्राफीची वाट बघण्यात वेळ जाईल, मी थेट आत घेतोय. उघडून पीळ सोडवतो. रंग परत आला तर टाके घालून जागेवर बसवतो. दुसऱ्या बाजूलाही टाके घालतो, कारण ज्याची एक बाजू सैल लटकते त्याची दुसरीही बहुधा तशीच असते. रंग नाहीच आला, तर काढावं लागेल. एकावरही सगळं नीट चालतं. पण संमती आत्ताच लागेल. इथे सही.”

मी सही केली. पेन चालत नव्हतं, म्हणून दोनदा गिरवावी लागली.

आतल्या दारापाशी दादाने माझा हात सोडला नाही. “आई, तिथे टॉर्च नसेल ना?”

“मोठे दिवे असतात. पण तुला झोप लागलेली असेल.”

“मग ठीक.”

बाहेरच्या बाकावर नवरा आला तो ग्रीसने माखलेल्या हातांनी, कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून हवेत धरून. “काय झालं? मेसेजमध्ये नुसतं ऑपरेशन!” मी सांगितलं. तो माझ्याशेजारी बसला आणि नकळत मांड्या जवळ घेतल्या. “बाप रे,” एवढंच म्हणाला.  थोड्या वेळाने तो उठून हात धुवून आला आणि मग एकदाचा माझा हात धरला.

सर्जन बाहेर आले ते टोपी काढतच. “दीड वेढा होता. सोडवला तेव्हा जांभळं-काळं होतं. गरम ओल्या कापडात गुंडाळून थांबलो. पहिली काही मिनिटं काही नाही, मीच मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मग कडेने गुलाबी यायला लागलं. ठेवलंय. दोन्ही बाजू शिवल्यात, आता फिरायला जागा नाही. पुढे ते लहान होतंय का, हे काही महिने बघावं लागेल. पण आज वाचलं.”

नवऱ्याने त्यांना मिठी मारली. त्यांना ग्रीसचा वास लागला असणार. मी सासूबाईंना फोन केला, तर पलीकडून आधी फक्त नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग, “टॉर्चचे सेल काढून टाकलेत मी.”

दादा शुद्धीवर आला तेव्हा खिडकीवर ऊन उतरलं होतं. ओठ कोरडे, डोळे अर्धे. मी ओल्या कापसाने ओठ पुसले. त्याने आधी चादरीखाली हात नेला आणि जाडजूड पट्टी लागताच घाबरून काढून घेतला.

“आहेत?”

“दोन्ही आहेत. शिवून टाकलेत. आता भूकंप झाला तरी हलणार नाहीत.”

“काळं पडलं होतं?”

“कुणी सांगितलं?”

“नर्स बोलत होती तिकडे. गुलाबी झालं म्हणाली.”

“झालं. मस्त गुलाबी.”

तो हसला. भुलेतलं, वाकडं हसू. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. वाटलं झोपला. पण त्याने डोळे उघडले, या वेळी पूर्ण, आणि माझ्याकडे बघत राहिला.

“आणि काळंच राहिलं असतं, तर काढायच्या आधी मला उठवून विचारलं असतंत का गं तुम्ही?”